जामीन राहायला मी नाही म्हटलं, त्याबद्दल

«जामीनदार म्हणजे फक्त ओळखीचा साक्षीदार, सही निव्वळ फॉर्मॅलिटी असते. कर्ज थकलं तर बँकेला आधी कर्जदाराचं सगळं विकावं लागतं, त्याशिवाय जामीनदाराला हात लावता येत नाही. दोन जामीनदार असतील तर निम्मीच जबाबदारी. नको वाटलं तर अर्ज देऊन कधीही नाव काढता येतं. एवढं सोपं असून जो नाही म्हणतो, त्याचा आपल्या माणसावर विश्वास नाही असंच समजावं. सर्व नातेवाइकांना पाठवा.»

हा मेसेज आईने मला पाठवला. तिला आत्याने पाठवला होता. खाली आईची एकच ओळ होती: "तुझं चुकलं का रे?" त्याच्या चारच दिवस आधी मी आतेभावाला, म्हणजे दादाला, त्याच्या कर्जाला जामीन राहता येणार नाही असं सांगितलं होतं. आत्यावर माझा राग नाही, तिच्याकडेही तो कुठून तरी आलेला. पण ज्या कुणी तो लिहिलाय त्याने आयुष्यात एकदाही जामीनखत वाचलेलं नाही, आणि असल्या मजकुरावर विसंबून लोक सह्या करतात. म्हणून एकदा नीट लिहितो.

साक्षीदाराचं आधी संपवतो. दादाने मला कागदांची यादी पाठवली होती: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, दोन वर्षांचं आयकर विवरणपत्र, माझ्या नावावर काय काय मालमत्ता आहे आणि माझ्यावर कुठली कर्जं आहेत त्याचा तक्ता. नुसती ओळख पटवणाऱ्याचा पगार बँक कशाला विचारेल? ती माझी ऐपत मोजत होती, कारण वेळ आली तर पैसे माझ्याकडून यायचे होते.

तरी मी लगेच नाही म्हटलं नाही. बँकेत जाऊन जामीनखत वाचायला मागितलं. छापील सहा पानं, प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलीने फुली, "इथे इथे सही करा." तिथल्या साहेबांना मी वाचत बसलो याचंच नवल वाटलं. तिसऱ्या पानावर होतं की बँकेने मागणी करताच जामीनदार संपूर्ण येणे रक्कम व्याज आणि खर्चासह भरेल, आणि बँकेच्या दृष्टीने तो स्वतः मुख्य कर्जदार असल्यासारखाच जबाबदार राहील. हे त्या बँकेने मुद्दाम कडक लिहिलेलं नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ मध्ये तेच आहे: करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराइतकीच असते.

आता दुसरा मुद्दा. सगळ्यांत जास्त नुकसान करणारा हाच, कारण शहाणीसुरती माणसंही यावर विश्वास ठेवून सही करतात. त्यांना वाटतं, त्याचं घर आहे, मशीन आहे, आधी ते विकलं जाईल, आपल्यापर्यंत यायला वर्षं लागतील. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात १९६८ सालीच निकाली निघाला आहे. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद हा तो खटला. खालच्या कोर्टाने बँकेच्या बाजूने निकाल दिला होता, पण अट घातली होती की आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय करा, ते संपले की मग जामीनदाराकडे जा. म्हणजे मेसेजमध्ये आहे अगदी तेच. सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. धनकोला थांबायला लावलं तर जामीन घेण्याचा हेतूच फसतो, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा बँक कर्जदाराकडे जाईल, जामीनदाराकडे जाईल किंवा दोघांकडे एकदम जाईल, निवड तिची.

यात थोडं खरं आहे ते मान्य करतो. व्यवहारात पहिली पत्रं आणि फोन कर्जदारालाच जातात, आणि घर किंवा जमीन गहाण असेल तर बँका पुष्कळदा आधी त्यामागे लागतात, कारण ते विकून रक्कम हाती येते. पण ही बँकेची सोय झाली. जामीनदाराला तो हक्क म्हणून मागता येत नाही.

रकमेचाही गैरसमज असतो, म्हणून दादाचंच कर्ज मांडून दाखवतो. लेथ मशीन घ्यायला ८ लाख, मुदत ५ वर्षं, व्याज १२ टक्के. हप्ता साधारण १७,८०० रुपये. समजा त्याने १४ हप्ते वेळेवर भरले, म्हणजे जवळजवळ अडीच लाख गेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल साडेपाच लाख राहिले. पण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे मुद्दल तेव्हाही साडेसहा लाखांच्या वर शिल्लक असतं. मग काम मंदावलं आणि हप्ते थांबले. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं अनुत्पादक ठरतं, आणि पुढे बँक सगळं कर्ज एकदम परत मागू शकते. अशा वेळी जामीनदाराच्या हातात पडणारं पत्र थकलेल्या तीन-चार हप्त्यांचं नसतं, पावणेसात लाखांच्या आसपासचं असतं, आणि त्यात भरायला दिलेली मुदत थोड्या दिवसांची असते.

या सगळ्या हिशेबात दादाने काहीही वाईट केलेलं नाही, हे लक्षात घ्या. तो आजारी पडला, एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले, एवढं पुरतं. आमच्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं असंच झालं. ते साडूला जामीन राहिले होते. साडू सरळ माणूस, पण अर्धांगाचा झटका आला आणि सहा महिने दुकान बंद. सहकाऱ्यांनी त्याच सुमारास मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं, तेव्हा कळलं की साडूचं थकलेलं खातं त्यांच्या सिबिल अहवालात जामीनदार म्हणून दिसतंय. कर्ज अडलं. त्यांनी आधी साडूची थकबाकी भरली, मग मुलीचा अर्ज पुढे सरकला. साडूने नंतर पै-पै फेडली. एकमेकांना कुणी कधी वाकडं बोललं नाही, तरी त्या दीड वर्षात साडू त्यांच्या घरी जेवायला आला नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

दोन जामीनदारांचं थोडक्यात. निम्मं-निम्मं हे दोघा जामीनदारांनी आपसांत वाटून घ्यायचं असतं, कलम १४६ तेच सांगतं. बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही. जामीनखतात "संयुक्तपणे व स्वतंत्रपणे" असे दोन शब्द असतात, त्यांचा अर्थ ती एकट्याकडूनही सगळे मागू शकते. बहुतेक वेळा ज्याचा पगार बँकेत दिसतो, त्याच्याकडेच आधी मागणी येते.

नाव काढून घेण्याचा मुद्दा कुठून आला असेल त्याची कल्पना आहे. कॅश क्रेडिटसारख्या खात्यात पैसे पुन्हा पुन्हा उचलले जातात, तिथला जामीन चालू जामीन असतो. त्यात कलम १३० प्रमाणे जामीनदार बँकेला नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरता बाहेर पडू शकतो. त्या दिवसापर्यंत उचललेल्या पैशाची जबाबदारी मात्र राहते. मुदत कर्जात रक्कम एकदाच उचललेली असते, तिथे मागे घ्यायला पुढचं काही उरतच नाही. बँक तुम्हाला मोकळं करते ती तिच्या मर्जीने, आणि बहुधा तुमच्याइतकाच ऐपतदार दुसरा जामीनदार मिळाला तरच.

मग राहिलं विश्वासाचं, ज्यामुळे आईला रात्री झोप आली नाही. मी दादाला फोनवर जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो: "दादा, तू हप्ते भरशील याबद्दल मला शंका नाही. पण मी कागद वाचला. उद्या तुला काही झालं तर बँक माझ्याकडे सगळे एकदम मागेल, आणि माझ्याकडे ते नाहीत. माझ्या घराचा हप्ता अजून नऊ वर्षं आहे. जे मी भरू शकत नाही ते भरीन असं लिहून देता येणार नाही मला." यात दादाच्या धंद्याबद्दल, सवयींबद्दल, मागच्या उसनवारीबद्दल एक अक्षर नव्हतं. तसं बोलायची गरजही नव्हती, कारण माझं कारण माझ्या खात्यात आहे. समोरची व्यक्ती सख्खा भाऊ असती तरी आकडा तोच आला असता.

"बायको नको म्हणते" हे मी मुद्दाम टाळलं. त्याने दोष तिच्या माथी जातो आणि आत्या तिच्याशी बोलायची थांबते. "बघू, सांगतो" म्हणणं त्याहून वाईट. दादा महिनाभर माझ्यावर विसंबून राहिला असता, आणि मंजुरीच्या तोंडावर दुसरा माणूस शोधत फिरला असता. यादी हातात पडल्यापासून तीन दिवसांत त्याला उत्तर मिळालं, म्हणून त्याच्याकडे वेळ उरला.

आणि त्या वेळेचा उपयोग झाला. छोट्या उद्योगांच्या कर्जासाठी केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योग विकास बँकेने २००० साली एक हमी ट्रस्ट उभा केला आहे, सीजीटीएमएसई नावाचा. त्यात बसणाऱ्या कर्जाला बाहेरचा जामीनदार लागत नाही. हमी ट्रस्ट देतो आणि त्यासाठी फी घेतो. कर्ज बुडलं तरी कर्जदाराची जबाबदारी सुटत नाही, पण नातेवाइकाच्या घरी पत्र जात नाही. दादाला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्याने शाखेत विचारलं, तेव्हा उद्यम नोंदणी, मशीनचं कोटेशन आणि दोन वर्षांचे हिशेब घेऊन या म्हणाले. पहिल्या भरण्यासाठी ५० हजार मी त्याला देतो म्हटलंय, परत आले तर आले. तेवढे गेले तरी माझा हप्ता चुकत नाही.

आईला मी एवढंच लिहिलं की चुकलं नाही, आणि शनिवारी दादा जेवायला येतोय, कागद आम्ही दोघं मिळून लावणार आहोत. आत्यालाही घेऊन ये म्हटलं.