काळा, गोल पिनवाला

आमच्याकडे श्रीखंडाचा एक मोठा डबा आहे. त्यात श्रीखंड शेवटचं कधी होतं, देव जाणे. गेली दहा-बारा वर्षं तो अनाथ अ‍ॅडॅप्टरांचं बालकाश्रम म्हणून चालतो. उपकरणं भंगारात गेली तरी त्यांचे अ‍ॅडॅप्टर आम्ही टाकत नाही. ‘असू दे, लागेल कधीतरी,’ हे आमच्या घराण्याचं ब्रीदवाक्य आहे.

ते ‘कधीतरी’ परवा उजाडलं. विजांचा कडकडाट झाला, लाइट दोनदा गेली-आली आणि वायफायच्या राऊटरचा अ‍ॅडॅप्टर वारला. त्याला कचऱ्यात टाकून मी विजयी मुद्रेने डबा उघडला. एका जुन्या मोडेमचा अ‍ॅडॅप्टर निघाला. काळा, गोल पिनवाला, तस्साच! पिन बसली, दिवे लागले, बायकोने कधी नव्हे ते कौतुकाने पाहिलं. दोन मिनिटांनी दिवे गेले. पुन्हा लागले. पुन्हा गेले. राऊटर उचकी लागल्यासारखा बंद-चालू होत होता आणि अ‍ॅडॅप्टर इतका तापला होता की वर पापड भाजता आला असता.

शेवटी तपकीर गल्ली गाठली. पुण्यात विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूचं दुखणं घेऊन माणूस इथेच येतो. दुकानदार वयस्कर होते, चष्मा नाकाच्या टोकावर.

“राऊटरचा अ‍ॅडॅप्टर द्या.”

“किती व्होल्ट?”

मी तयारी करून गेलो होतो. डब्यातल्या अ‍ॅडॅप्टरवर वाचलेला सगळ्यात मोठा आकडा सांगितला, “दोनशे चाळीस!”

त्यांनी चष्मा काढला. “दोनशे चाळीस तुमच्या भिंतीत असतात. ती इनपुटची ओळ. खालची आउटपुटची वाचायची. जुना आणलाय?”

“टाकला.”

“राऊटर?”

“घरी आहे.”

“फोटो?”

पेशंट घरी ठेवून डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटलं. घरी फोन लावला. बायकोने राऊटर उलटा करून वाचलं: १२ व्होल्ट, १ अँपिअर. डब्यातला होता ९ व्होल्ट, ०.६ अँपिअर. उचकीचं कारण कळलं. राऊटरला हवा होता तेवढा भार त्या बिचाऱ्याला झेपतच नव्हता.

दुकानदारांनी १२ व्होल्ट, २ अँपिअरचा काढला. मी दचकलो. “दुप्पट? जळेल हो!”

“भाताचं पातेलं मोठं असलं म्हणून जेवणारा जास्त खातो का?” ते शांतपणे म्हणाले. “अँपिअर म्हणजे पातेलं. लागेल तेवढंच घेतलं जातं, पण कमी पडता कामा नये. व्होल्ट म्हणजे वाढप्याचा आग्रह. तो जेवढा सांगितलाय तेवढाच. जास्त झाला की पोट बिघडतं.”

ते अजून काहीतरी विचारत होते, “पिन २.१ की २.५?” पण मला घाई होती. “गोल!” असं ठणकावून सांगून मी दीडशे रुपये मोजले.

घरी पिन सहज बसली. जरा जास्तच सहज. राऊटर चालायचा, पण वायर डाव्या बाजूला वाकवून धरली तरच. त्या संध्याकाळी घरातली माणसं पाळीपाळीने वायर धरून बसली. मुलीचा ऑनलाइन क्लास बाबांच्या अंगठ्यावर पार पडला.

दुसऱ्या दिवशी राऊटरच बगलेत मारून गेलो. दुकानदार हसले नाहीत, हे जास्त लागलं. दोन पिना त्यांनी शेजारी धरल्या. बाहेरून दोन्ही साडेपाच मिलिमीटर, जुळ्या बहिणी. आतलं भोक मात्र एकीचं २.१ मिलिमीटर, दुसरीचं २.५. राऊटरच्या तोंडातली काडी २.१ची, म्हणून मोठ्या भोकात ती हलत होती. जाता जाता त्यांनी लेबलावरचं एक चित्रही दाखवलं: मधे ठिपका, भोवती अर्धगोल, दोन्ही टोकांना अधिक आणि उणे. “ठिपक्याला अधिक जोडलेलं असेल तर पिनच्या आत अधिक. काही कीबोर्डांना, गिटारच्या पेडलांना नेमकं उलटं असतं. तिथे हा खुपसलात तर नशीब चांगलं असेल तरच वाचेल.”

गेल्या रविवारी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. “अरे, नातवाच्या कीबोर्डाचा चार्जर हरवलाय. तुझ्या डब्यात असेल ना एखादा? काळा, गोल पिनचा. नऊ व्होल्टचा, हे मी बघून आलेय हो!”

मोडेमचा नऊ व्होल्टवाला माझ्या हातातच होता. तरी म्हटलं, “काकू, कीबोर्डाच्या मागचा फोटो पाठवा.” आला. किती अँपिअर ते पाहण्याआधीच ठिपक्याकडे लक्ष गेलं. त्याला उणे जोडलेलं. माझ्या अ‍ॅडॅप्टरवर अधिक.

“हा नाही चालायचा,” मी चष्मा नाकाच्या टोकावर आणत म्हणालो. “कीबोर्ड घेऊन तपकीर गल्लीत जा. आणि पिन २.१ की २.५, तेही विचारा.”

काकू डब्याकडे पाहत राहिल्या. आत अठरा अ‍ॅडॅप्टर होते, सगळे काळे, सगळे गोल पिनचे.

संध्याकाळी जिन्यात त्यांचा आवाज आला, “डबा भरून आहेत हो मेल्याकडे, पण एक द्यायला हात सुटेल तर शपथ!”