न विकलेल्या कुर्त्यांचा नफा

"३१ मार्चला दुकानात उरलेला माल विक्रीच्या भावानेच धरा. बाजारात त्याची किंमत तीच आहे. नफा चांगला दिसतो, बँकही खूश. आणि टॅक्स पुढच्या वर्षी तेवढाच कमी होतो, मग नुकसान कसलं?"

असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. का, ते किमतीपासून सुरुवात करून पाहू. समजा, ठाण्याच्या नौपाड्यात तुम्ही नवं दुकान टाकलंत. जीएसटी सोडून ४०० रुपयांनी १०० कुर्त्या आणल्या. टेम्पोभाडं आणि हमाली मिळून २,०००, म्हणजे नगामागे २० रुपये. दुकानात येईपर्यंत कुर्ती ४२० ला पडली. विकता ७०० ला. मार्चअखेर ७० गेल्या, ३० रॅकवर आहेत.

विक्री ४९,००० आणि खरेदी ४२,०००. शिल्लक माल ४२० ने धरला तर १२,६०० चा होतो. विक्रीत तो मिळवून खरेदी वजा केली की ढोबळ नफा येतो १९,६००. ७० कुर्त्यांवर २८० प्रमाणे बरोबर एवढाच सुटतो. तोच माल ७०० ने धरा, नफा होतो २८,०००. म्हणजे विकल्या ७० आणि नफा लावला १०० वर! त्या ३० कुर्त्यांचं गिऱ्हाईक अजून दुकानाची पायरीही चढलेलं नाही.

बँकेचं म्हणाल, तर तिथल्या माणसाला हे एका नजरेत कळतं. ७०० च्या विक्रीत २८० सुटतात, म्हणजे ४० टक्के. तुमचा हिशोब ५७ टक्के दाखवतो. एकही कुर्ती ७०० च्या वर विकलेली नसताना हे शक्यच नाही. मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट घेतलं असेल तर बँकेला दर महिन्याला देता त्या स्टॉक स्टेटमेंटशीही आकडा जुळणार नाही.

टॅक्सचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. यंदाचा शिल्लक माल पुढच्या वर्षीचा आरंभीचा माल होतो. त्या ३० कुर्त्या सेलमध्ये ५०० ला काढल्यात, तर १५,००० आले. वहीत २१,००० चा माल असल्याने ६,००० तोटा दिसेल. प्रत्यक्षात २,४०० कमावलेत. दोन वर्षांची बेरीज दोन्हीकडे २२,०००च. पण हाती न आलेल्या ८,४०० वरचा टॅक्स तुम्ही वर्षभर आधी, खिशातून भरलात.

एक मात्र लक्षात ठेवा, खरेदीची किंमत, इथे ४२०, ही वरची मर्यादा आहे. त्या ३० पैकी ५ कुर्त्या जरा फाटल्या, आता ३०० च्या वर कोणी घेत नाही आणि त्याआधी २० रुपये रफूला लागणार, तर त्या ५ कुर्त्या २८० नेच धरायच्या. आणि हे नगानग बघायचं. चांगल्या २५ वर सुटणाऱ्या नफ्यात त्यांचा तोटा मुरवायचा नाही.

जीएसटीचं क्रेडिट घेत असाल तर जीएसटी मालाच्या किमतीत मिळवू नका. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के टॅक्स भरायच्या योजनेत असाल तर मात्र मिळवा, कारण तो परत मिळत नाही.