नऊ टक्क्यांचा आनंद कसा टिकवावा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शोरूममध्ये जा. गाडीला आधीच झेंडूचा हार घातलेला असतो, त्यामुळे डोकं वापरायची फारशी गरज पडत नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर फायनान्सचा मुलगा बसलेला असेल. त्याला फक्त विचारा, "दर काय?" तो म्हणेल, "साहेब, फक्त नऊ टक्के." इथेच थांबा. "नऊ टक्के कशावर?" हा प्रश्न अत्यंत उद्धट आहे, सणासुदीला तो विचारू नये.

हिशेब तो तुमच्या डोळ्यांदेखत करून दाखवेल, लपवाछपवी अजिबात नाही. कर्ज 1,00,000. वर्षाचं व्याज 9,000, तीन वर्षांचं 27,000. एकूण 1,27,000, भागिले 36. हप्ता 3,528. चौथीतल्या मुलाला जमेल इतकं सरळ गणित. बँकेने आदल्या आठवड्यात याच रकमेला, याच मुदतीला 14 टक्के सांगितले होते. आता तुम्हाला वजाबाकी येत असेलच: पाच टक्के वाचले! बँकेतल्या त्या बाईंनी "आमचा रिड्युसिंग आहे हो" असं काहीतरी पुटपुटलेलं आठवेल. ते विसरून जा.

फक्त एक पथ्य पाळा. बँकेने कागदावर लिहून दिलेला हप्ता पाहू नका. तो 3,418 आहे. चौदा टक्क्यांचा हप्ता नऊ टक्क्यांच्या हप्त्यापेक्षा 110 रुपयांनी कमी कसा, 36 महिन्यांत सुमारे 3,960 रुपये कुठे गेले, असले विचार मनात आले तर सरळ हाराचा वास घ्या.

तरीही मन ऐकत नसेल तर कारण सांगून टाकतो, पण कुणाला सांगू नका. शोरूमचे नऊ टक्के हा फ्लॅट दर आहे. त्यात व्याज मूळ एक लाखावरच लागतं, तुम्ही किती फेडलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फायनान्सच्या मुलाच्याच हिशेबाने दर महिन्याला 2,778 मुद्दल आणि 750 व्याज. पहिल्या महिन्यात लाखभर रुपये तुमच्याकडे आहेत, त्यावर 750, ठीक. अठरा हप्ते भरल्यावर तुमच्याकडे 50,000 उरले, व्याज तेच 750. आणि शेवटच्या महिन्यात? तुमच्याकडे त्यांचे फक्त 2,778 रुपये आहेत आणि त्यांच्या एका महिन्याच्या वापराबद्दल तुम्ही 750 देताय. महिन्याला 27 टक्के! गावाकडचा सावकारही एवढं मागताना जरा घसा खाकरला असता. बँकेच्या रिड्युसिंग पद्धतीत मात्र जेवढी बाकी उरली तेवढ्यावरच व्याज, म्हणून मोठा दिसणारा दर लहान हप्ता देतो.

खरा दर काढायचाच हट्ट असेल तर मोबाईलवर एक्सेल किंवा गुगलची शीट उघडा आणि दोन ओळी टाका.

```
=RATE(36,-127000/36,100000)*12
=EFFECT(16.24%,12)
```

पहिली ओळ विचारते की घटत्या बाकीवर कोणता दर लावला म्हणजे लाखाच्या कर्जाला हाच हप्ता येईल. उत्तर 16.24 टक्के. दुसरी ओळ महिन्याचं व्याज वर्षभर चढत गेलं तर वर्षाकाठी काय पडतं ते सांगते: 17.5 टक्के. बँकेच्या 14 टक्क्यांना हीच दुसरी ओळ लावली तर 14.9. नऊ विरुद्ध चौदा ही लढत मुळात साडेसतरा विरुद्ध पंधराच्या आतबाहेर अशी होती. एकाचा 16.24 आणि दुसऱ्याचा 14.9 अशी तुलना मात्र करू नका. दोघांनाही पहिलीच ओळ लावा किंवा दोघांनाही दुसरी. (की करावी? आनंद टिकवायचा असेल तर जरूर करा, फरक जवळपास निम्माच दिसतो.)

हट्टी माणसांसाठी आनंदात राहण्याचे आणखी दोन मार्ग या शीटमध्येच आहेत. हप्त्याच्या आधीची उणेखूण विसरा, शीट सरळ चूक दाखवेल आणि तुम्ही म्हणाल, "जाऊ दे, आपल्याला काय कळतंय." किंवा बाराने गुणायचं विसरा. मग रकान्यात बहुधा नुसतं 1% दिसेल, कारण शीट दशांश गिळून टाकते. एक टक्का! लगेच सही करा.

प्रोसेसिंग फीबद्दल बोलायचं नसतं, ती प्रेमाने कापली जाते. समजा 2,500 कापले. तुमच्या कामी आले 97,500, हप्ता मात्र पूर्ण लाखाचाच. वरच्या सूत्रात 100000 च्या जागी 97500 घाला म्हणजे दर 18 वर जातो आणि वर्षाकाठचा 19.6 वर. न्याय म्हणून बँकेचीही फी धरा. तिने 1,000 घेतले असतील तर तिचा वर्षाकाठचा आकडा 15.7 होतो. एकाचीच फी धरून तुलना करणं म्हणजे एकाचं वजन चपलांसकट आणि दुसऱ्याचं अनवाणी, पण शोरूमच्या काट्यावर हे चालतं.

रिझर्व्ह बँकेने मात्र उगाच मोडता घातलाय. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांना ग्राहकाला कळेल अशा भाषेत मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावं लागतं, त्यात फीसकट वार्षिक दर आणि महिनावार परतफेडीचा तक्ता असतो. हे पत्रक सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध असेल. त्यातल्या तक्त्याच्या पहिल्या ओळीकडे चुकूनही नजर जाऊ देऊ नका. फ्लॅटच्या बोलीप्रमाणे तिथे व्याज 750 हवं होतं, प्रत्यक्षात 1,354 लिहिलेलं असेल. त्याला बाराने गुणलं की लाखावर 16,248. म्हणजे शीट, सूत्र, मोबाईल, काहीच लागलं नसतं. कंपनीच्या स्वतःच्या वहीत दर सव्वासोळाच आहे, नऊ फक्त टेबलावर आहे.

याचा अनुभव वर्षभराने येतो. बोनस आला, कर्ज मिटवून टाकू म्हणता. बारा हप्ते झाले, एक तृतीयांश मुद्दल फिटलं, राहिले 66,667, असा तुमचा हिशेब. फोन करता. पलीकडची मुलगी म्हणते, "सर, 71,878, प्लस फोरक्लोजर चार्जेस."

तुम्ही म्हणता, "अहो, फ्लॅट होता ना?"

ती म्हणते, "सर, फ्लॅट दर फक्त हप्ता काढायला असतो. बाकी रिड्युसिंगनेच निघते."

तेव्हा वाद घालू नका. तक्ता शोधायला कपाट उघडाल तर पत्रक सापडेल, बाराव्या ओळीपुढे 71,878 हा आकडा वर्षभर तसाच छापलेला असेल, आणि त्यावर गाडीच्या पेढ्यांच्या तुपाचा गोल डाग.