बांधाचं धरण कसं करावं

समजा, निपाणीजवळच्या एका कमर्शियल प्लॉटचं खरेदीखत तुमच्याकडे इंग्रजी करायला आलंय. दस्त कन्नडमध्ये आहे, त्याला जोडलेला मागचा दस्त मराठीत आणि घेणारे साहेब दुबईत. साहेब मूळचे इकडचेच, ओसीआय कार्डवाले. साहेबांचा वकील तिकडे बसून फक्त इंग्रजी वाचणार, म्हणजे त्याला दिसेल ते तुम्ही दाखवाल तेवढंच. इतकी सत्ता तहसीलदारालाही नसते, तेव्हा ती नीट वापरा.

सुरुवात क्षेत्रापासून करा. दस्तात लिहिलंय, 'रि. स. नं. १४२/२ पैकी, क्षेत्र ०-०५-०८'. कर्नाटकात ही मांडणी एकर-गुंठा-आण्याची. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आणि त्याचे सोळा आणे, म्हणजे हा प्लॉट साडेपाच गुंठ्यांचा झाला: ५,९८९.५ चौरस फूट, सुमारे ५५६ चौरस मीटर. पण तुम्ही कशाला आणे मोजत बसता? सीमेपलीकडे कागलच्या सातबाऱ्यावर असेच तीन आकडे हेक्टर-आर-चौरस मीटरचे असतात. तोच हिशेब इथे लावा आणि ५०८ चौरस मीटर लिहून मोकळे व्हा. साहेबांचे ४८ चौरस मीटर गेले खरे, पण आकडा गोल दिसतो. फारच आधुनिक असाल तर '५.०८ गुंठे' लिहा. मग दशांश आणि आणा यांतला फरक कुणाला कळायचा नाही. मूळ आकडा जसाच्या तसा ठेवून शेजारी एकक आणि रूपांतर देणं हे भित्र्या माणसाचं काम. आणि तो 'पैकी' हा शब्द तर गाळाच. तो राहिला की वकील विचारतो, अख्खा १४२/२ नाही तर त्यातला कुठला तुकडा, त्याची मोजणी झालीय का, नकाशा कुठाय. नसती उठाठेव.

त्याच ओळीत बिनशेतकीच्या आदेशाचा नंबर आणि तारीख असते. रुक्ष मजकूर आहे, वगळा. परदेशस्थ ओसीआयला व्यापारी मिळकत घेता येते, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि बँकेला हा फरक त्या एका नंबरावरून कळतो. पण तुम्ही 'जमीन' या शब्दाला सवयीने शेतजमिनीचा इंग्रजी शब्द लावला की बँकेला काही शोधावंच लागणार नाही.

आता चतुःसीमा. इथे तुमची खरी प्रतिभा दिसते. उत्तरेस कन्नडमध्ये 'हळ्ळ' लिहिलंय. हळ्ळ म्हणजे ओढा आणि हळ्ळी म्हणजे गाव. एका वेलांटीचा तर फरक! तुम्ही गाव लिहा. वकिलाला वाटेल, वस्ती लागूनच आहे, धंदा छान चालेल. ओढा लिहिला असता तर त्याने विचारलं असतं की हद्द काठापर्यंत की पात्रापर्यंत, आणि उताऱ्यात 'ब' खराब किती दाखवलंय. ब खराब म्हणजे ओढा, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेली जागा. विकणाऱ्याला ती विकताच येत नाही, मग तिचा उल्लेख करून साहेबांना कशाला दुखवायचं?

दक्षिणेस मागच्या मराठी दस्तात आहे 'सामाईक बांध व त्यालगत वहिवाटीची वाट'. 'बांध' दिसला की डोळे झाकून डॅम लिहा. दुबईत बसलेल्या माणसाला आपल्या प्लॉटला धरण लागून आहे म्हटल्यावर किती बरं वाटेल. मग 'सामाईक' काढा, 'वहिवाटीची' काढा आणि वाटेचा सरळ 'रोड' करा. शेजारचा शेतकरी वर्षानुवर्षं त्या वाटेने बैलगाडी नेतो हे साहेबांना कंपाउंड घालताना कळेल. कन्नड दस्तात हीच वाट 'दारी' म्हणून येते. तीही मराठी कानाने ऐका आणि दार समजा, म्हणजे प्लॉटला फुकटात एक फाटक मिळेल.

पश्चिमेस 'राष्ट्रीय महामार्ग ४'. हा रस्ता आता ४८ झालाय, तेव्हा तुम्ही गुपचूप ४८ लिहून मूळ दस्त सुधारा. तसंच 'बेळगाव'चं 'बेळगावी'. हे नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं आणि दस्त त्याआधीचा आहे, पण कुठे बिघडतं? मूळ शब्द ठेवून खाली भाषांतरकाराची टीप द्यायची म्हणजे उगाच एक ओळ वाढते. पूर्वेस 'विकणाराची उरलेली जमीन' आहे, तिथे नुसतं 'मोकळी जमीन' पुरे. विकणारा शेजारी म्हणून कायम राहणार हे साहेबांना नंतर कळू द्या.

एवढं झाल्यावरही कुणी म्हणेलच की क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसल्या तर कोर्ट साधारणपणे स्पष्ट चतुःसीमेला जास्त वजन देतं. म्हणूनच त्या आधी नीट बिघडवून घ्यायच्या.

राहिला बोजा. दस्तात विकणारा म्हणतो, 'सदर मिळकत निर्वेध असून तिच्यावर गहाण, दान, पोटगी, जप्ती वगैरे कसलाही बोजा नाही.' हे विकणाऱ्याचं म्हणणं आहे. त्यातला 'विकणारा जाहीर करतो' हा कर्ता काढून टाका, म्हणजे तेच वाक्य सरकारी निकालासारखं वाचलं जातं. सोबतच्या ऋणभार प्रमाणपत्रावर नमुना १५ आहे की १६ हे लिहू नका. १५ मध्ये सापडलेले व्यवहार असतात, १६ म्हणजे काही सापडलं नाही. शोध कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत घेतला हेही नको. त्या तारखांबाहेरचं, किंवा नोंदणीच न झालेलं, त्या कागदात येतच नाही हे वकिलाला आपोआप कळायला हवं.

आणि मागच्या मराठी दस्तातला तो सुंदर शब्द, 'मुदतखरेदी'. त्याचं भाषांतर 'वेळेत केलेली खरेदी' असं करा. खरं तर पैसे ठरल्या मुदतीत परत केले तर जमीन परत, अशी अट त्याच दस्तात असेल, तर ती खरेदीच्या कपड्यातलं गहाण असू शकते आणि सोडवून घ्यायची मुदत ३० वर्षांची असते. नजरगहाणात ताबा मालकाकडेच राहतो, कब्जेगहाणात तो जातो. तुम्ही तिघांना एकच इंग्रजी शब्द द्या, समता पाळा. उताऱ्याच्या ११ व्या रकान्यात सोसायटीचा बोजा दिसला तर 'फेडलेला असावा' असं कंसात घाला. फेडला असला तरी नोंद कमी करून घेईपर्यंत ती तिथेच राहते, पण तुमचा कंस आशावादी दिसतो.

शेवटी 'खरे व अचूक भाषांतर' असं लिहून सही-शिक्का मारा. उपनिबंधकाचा जांभळा शिक्का नेमका क्षेत्राच्या आकड्यावर पडलाय. शेवटचा आकडा ०८ आहे की ०३, कळत नाही. पाच आण्यांचा फरक, ३४० चौरस फूट, एक बरा दुकानगाळा त्यात बसतो. 'शिक्क्यामुळे अवाच्य' लिहू नका, बिनधास्त ०८ लिहा. आणि पान उलटू नका, मागे तोच आकडा अक्षरी लिहिलेला असतो.