जरा नजर टाकतो

शांत राहायचं असेल तर पहिली गोष्ट, फाइल मागितली की लगेच द्यावी. महिन्याची दोन तारीख. रात्रीचे पावणेआठ. मजल्यावर तुम्ही आणि झाडू मारणाऱ्या मावशी, एवढेच. अशा वेळी मित्रवर्यांचा मेसेज येतो, "एजिंग झालं का रे? पाठव ना, जरा नजर टाकतो." पाठवा. आणि अटॅचमेंटच पाठवा, लिंक नको. शेअर केलेल्या शीटला व्हर्जन हिस्टरी असते, कोणी कधी काय भरलं ते तिथे दिसतं. मैत्रीत असले हिशेब ठेवू नयेत.

आता त्या फाइलमध्ये तुम्ही काय केलंय, ते विसरायचा प्रयत्न करा. थोडं अवघड जाईल. एजिंग म्हणजे कोणाची किती बाकी किती दिवसांपासून थकली आहे, त्याची यादी. टॅलीतून काढलेल्या या यादीत 90 दिवसांच्या वर थकलेली बाकी 42 लाख दिसत होती. तुम्हाला आकडा खटकला, कारण त्यातला एक डिस्ट्रिब्युटर पैसे बुडवणाऱ्यातला नव्हे. तुम्ही बँक स्टेटमेंट उघडून बसलात. दोन दिवसांनी सापडलं: त्याने दोन हप्त्यांत 17 लाख कधीच भरले होते. पण एन्ट्री करणाऱ्याने ते कुठल्याच बिलासमोर न लावता 'ऑन अकाउंट' टाकून दिले होते. पैसे खात्यात, बिलं मात्र उघडीच, आणि दर महिन्याला वयाने वाढणारी. खरी थकबाकी 25 लाख. हे सगळं तुम्ही एका पिवळ्या रंगवलेल्या कॉलममध्ये मांडलंत.

सकाळी तो कॉलम निळा झालेला असतो. याला व्हॅल्यू अॅडिशन म्हणतात.

तुमच्यातला गुप्तहेर जागा होईल. फाइलच्या Info मध्ये जाऊन Author बघावंसं वाटेल. बघा, हरकत नाही. Save As केलं तरी ते नाव सहसा तसंच राहतं, हेही खरं. फक्त तिथे तुमचं नाव नसेल. ही फाइल पूर्वीपासून चालत आलेल्या नमुन्यावरून बनवलेली, त्यामुळे तिथे नोकरी सोडून गेलेल्या कुणा अकाउंटंटचं नाव असतं. Last Modified By मध्ये मित्रवर्य. कायद्याने बघायचं तर तुम्ही त्या फाइलच्या आसपासही फिरकला नव्हता.

मग मीटिंग. मित्रवर्य स्क्रीनसमोर उभे राहून म्हणतात, "सर, मी जरा डीप जाऊन बघितलं, तर 17 लाख ऑन अकाउंटला पडलेत." सर खूश होतात. सर विचारतात, "कुठल्या बिलांसमोर लावायचे ते?" इथे मित्रवर्यांचा आवाज एकदम प्रेमळ होतो. "ते डिटेल्स याच्याकडे आहेत सर. सांग रे जरा." तुम्ही सांगता, बिल नंबरांसकट, आणि सर म्हणतात, "छान, टीमवर्क." या क्षणी चेहरा शांत ठेवायला पाण्याची बाटली उपयोगी पडते. तोंडाला लावून ठेवावी.

काही लोक मात्र हा सोहळा बिघडवतात. त्यांचं अनुकरण चुकूनही करू नका. असाच एक गृहस्थ फाइल मित्राला देण्याआधी संध्याकाळी सहालाच सरांना मेल टाकायचा, मित्राला सीसीमध्ये ठेवून, तक्रारीचा एक शब्द न लिहिता: "एजिंग जोडलं आहे. 90 दिवसांवरची बाकी 42 ऐवजी 25 लाख धरावी, 17 लाख ऑन अकाउंट आहेत. बँकेशी ताळा केला आहे. चार बिलांबाबत पार्टीचं कन्फर्मेशन यायचं आहे, गुरुवारपर्यंत कळवतो." शेवटची ओळ बघा किती कुजकी आहे. केलेलं काम कोणीही वाचून दाखवू शकतो, पण काय उरलंय हे करणाऱ्यालाच माहीत असतं. सर साहजिकच गुरुवारी थेट त्यालाच फोन करतात. मधले मित्रवर्य बिचारे उगाच रिकामे.

त्याहून वाईट म्हणजे तो मीटिंगआधी चहाच्या टपरीवर म्हणायचा, "आज एजिंग मी दाखवतो, तू कलेक्शनचं बघ." आवाज न चढवता, कटिंग हातात धरून. त्यावर समोरचा "हो, चालेल की" म्हणून मोकळा व्हायचा, हे तर फारच निराशाजनक.

तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. अप्रेझल फॉर्ममध्ये 'वैयक्तिक योगदान' या रकान्यात 'संघाला सहकार्य' असं लिहा. मित्रवर्यांनी याच रकान्यात काय लिहायचं हे तुम्हाला विचारलं, तर तेही लिहून द्या. तुमची भाषा चांगली आहे, असं ते नेहमी म्हणतात.

आज पुन्हा दोन तारीख. पावणेआठ वाजलेत. मेसेज आलाय: "झालं का रे? आणि या वेळी कॉलम निळाच ठेव ना, मला परत करावा लागतो."