नोंदीत ‘काय’ होते, ‘का’ नव्हते

आपोआप चालणाऱ्या जॉबचा लॉग ठेवला म्हणजे ऑडिटची सोय झाली, असे मलाही बरीच वर्षे वाटत होते. ते मत बदलायला एक प्रसंग कारणीभूत ठरला.

मी सांभाळत असलेला एक जॉब रोज रात्री चालून, ९० दिवसांत लॉगिन न केलेली खाती बंद करीत असे. एका रात्री त्याने बंद केलेल्या खात्यांपैकी ३८ खात्यांच्या मालकांनी तक्रार केली की आम्ही तर याच आठवड्यात लॉगिन केले होते. तपासणी सुरू व्हायला तीन आठवडे गेले. तपासणाऱ्या बाईंनी सरळ प्रश्न विचारला, “खाते क्रमांक ४४१७ का बंद झाले?” लॉगमध्ये एवढीच ओळ होती: `disabled user 4417`. डेटाबेस उघडला, तर शेवटच्या लॉगिनची तारीख खाते बंद होण्याच्या फक्त चार दिवस आधीची निघाली. म्हणजे नियमाप्रमाणे ते खाते बंद व्हायलाच नको होते, आणि प्रोग्राममध्ये तर काही चूक सापडत नव्हती.

खरा प्रकार असा असावा, असे आम्ही दोन दिवसांनी ताडले: लॉगिनच्या तारखा दुसऱ्या प्रणालीतून सिंक होऊन येत असत आणि ते सिंक त्या वेळी सहा दिवस अडकलेले होते. जे लोक दीर्घ खंडानंतर नेमके त्या सहा दिवसांत परतले, तेवढेच जॉबला चुकून निष्क्रिय दिसले; म्हणून आकडा लहान राहिला आणि त्या रात्री कोणाला संशय आला नाही. पुढे सिंक सुरळीत झाले, तारखा दुरुस्त झाल्या आणि जॉबने त्या रात्री जे पाहिले होते, तेच पुसले गेले. आमच्या हाती अंदाज होता, पुरावा नव्हता.

तेव्हापासून माझे ठाम मत आहे की निर्णय घेताना जॉबला जी मूल्ये दिसली, ती त्याच क्षणी नोंदीत उतरली पाहिजेत. मूळ तक्ता नंतर बदलणारच असतो, त्यामुळे कारण मागाहून शोधू म्हणणे म्हणजे वाळूवरच्या पावलांवर विसंबणे होय. आता प्रत्येक कृतीआधी आमचा जॉब अशी नोंद लिहितो:

```
{
  "run_id": "cleanup-20240318-01",
  "target": "user:4417",
  "action": "disable",
  "rule": "inactive_90d@v7",
  "seen": {
    "last_login": "2023-12-18",
    "synced_at": "2024-03-12"
  },
  "before": "active",
  "state": "planned"
}
```

ही नोंद त्या प्रसंगावर बेतलेली आहे. `seen` वाचताच दिसते की जॉबच्या हिशेबाने ९१ दिवस उलटले होते, पण ज्या माहितीवर तो हिशेब बेतला होता ती सहा दिवस शिळी होती. नियमाची आवृत्ती लिहिणेही तितकेच गरजेचे आहे, कारण तपासणीच्या वेळी नियम बदललेला असू शकतो आणि जुना निर्णय नव्या नियमाने तपासला जातो. मात्र खात्याची सगळी माहिती नोंदीत ओतू नये. नियमाने जे रकाने वाचले तेवढेच ठेवावेत, नाहीतर ऑडिटचा तक्ताच लोकांच्या खासगी माहितीचे दुसरे कोठार बनतो.

`planned` हा शब्दही मुद्दाम आहे. कृती बाहेरच्या प्रणालीत घडणार असेल, तर आधी हेतूची नोंद आणि नंतर निकालाची वेगळी नोंद, दोन्हींत तोच `run_id` असे आम्ही करतो. जॉब मध्येच कोसळला, तर निकालाविना राहिलेली हेतूची नोंद नेमके कुठे जाऊन पाहायचे ते सांगते. फक्त काम झाल्यावर लिहिणाऱ्या जॉबच्या बाबतीत, खाते बंद झाले पण नोंदच नाही, अशी सर्वांत वाईट अवस्था येऊ शकते.

हा जॉब ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याला ऑडिटच्या तक्त्यावर फक्त `INSERT` ची परवानगी आहे, `UPDATE` आणि `DELETE` ची नाही. यामुळे डेटाबेसचा प्रशासक नोंदी बदलू शकणारच नाही असे नव्हे. त्यासाठी रोजच्या नोंदींची प्रत त्याच्या हाताबाहेरच्या ठिकाणी जावी लागते, आणि ती आम्ही पाठवतो.

जॉबने जे केले नाही, तेही लिहावे यासाठी मला सहकाऱ्यांशी बराच वाद घालावा लागला. प्रत्येक सोडलेल्या खात्याची ओळ लिहिली तर तक्ता फुगतो, हा त्यांचा आक्षेप योग्य होता. म्हणून नियमात बसूनही सोडलेल्या खात्यांचीच कारणासह नोंद होते आणि बाकीच्यांची फक्त संख्या. आता `synced_at` २४ तासांहून जुने असेल, तर जॉब एकही खाते बंद करीत नाही, आणि कोणत्या मूल्यामुळे थांबलो, हे त्याच तक्त्यात लिहून ठेवतो.