रिपोर्ट माझा होता, आत्या

"सहा वर्षं झाली रे लग्नाला. तिकडे तर सगळं फुकट असतं म्हणे, एवढे मोठे डॉक्टर. मग अजून काहीच कसं नाही? तिला जरा वजन कमी करायला सांग. आमच्या वेळी असले प्रॉब्लेमच नव्हते." (आत्या, फॅमिली ग्रुपवर, रविवारी सकाळी)

मी तेव्हा इकडे इंग्लंडमध्ये कचऱ्याचा बिन बाहेर काढत होतो. परत आत येईपर्यंत त्यावर चार अंगठे आणि काकांचे जोडलेले हात येऊन पडले होते. मी नेहमीसारखा गप्प. गेली तीन वर्षं मी त्या ग्रुपवर गणपतीचा फोटो सोडून काही टाकत नाही. पण या वेळी ते "आमच्या वेळी" काही डोक्यातून जाईना.

कारण आत्याच्या सासरी तिच्या एक थोरल्या जाऊबाई होत्या. मी लहानपणी सुट्टीत गेलो की मला लाडू द्यायच्या. त्यांना मूल नव्हतं. बारशाला त्यांना मागच्या खोलीत काहीतरी काम निघायचंच, आणि एक वर्ष तर त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे आत्याच्या भाऊजींचं, दुसरं लग्न करायचं घाटत होतं. भाऊजींना तपासायला कोणी नेलं नाही. म्हणजे प्रॉब्लेम होता, फक्त तो कोणाच्या पदरात टाकायचा हे आधीच ठरलेलं होतं. आणि "हे सगळं तिकडचं फॅड" म्हणणाऱ्या काकांसाठी, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने टेस्ट ट्यूब बेबी 1986 मध्ये केली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, काका नोकरीला लागले होते.

असो. आता आमचं.

बायकोला पीसीओएस आहे, म्हणजे बीज वेळच्या वेळी सुटत नाही. पाळी कधी पस्तीस दिवसांनी, कधी सत्तर. ही गोष्ट आम्हाला लग्नाआधीपासून माहीत होती, लपवलेलं काही नाही. तरी पहिलं वर्ष आम्ही बीज सुटायची वेळ सांगणाऱ्या, ऑनलाइन मागवलेल्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्यांवर काढलं. पन्नासचं पाकीट. ती बाथरूममधून फोटो पाठवायची, दोन रेषा गडद, खाली एकच शब्द, "आज". मी पॅडिंग्टनवरून सुटलेल्या गाडीत उभा, हातात मील डील, आणि घरी जाऊन काय करायचंय ते आधीच ठरलेलं. दोन महिन्यांत मला त्या "आज"ची धडकी भरायला लागली. एखाद्या महिन्यात अकरा वेळा "आज" यायचं, कारण पट्टी रोजच गडद.

हे असं का ते आमच्या मंडळातल्या ताईंनी सांगितलं. मूळच्या नागपूरच्या, इकडे एका फर्टिलिटी युनिटमध्ये नर्स. त्या म्हणाल्या, अरे, पीसीओएसमध्ये ते एलएच हार्मोन मुळातच चढं असू शकतं, पट्टी तेच मोजते, मग ती बीज सुटण्याची खूण राहातच नाही. पुढे म्हणाल्या, पट्टी बरोबर असली तरी एका रात्रीचा एवढा बोजा घ्यायचं कारण नाही. बीज सुटल्यावर एक दिवसच टिकतं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एकत्र आलं तरी पुरतं. मंगळवारी जमलं नाही तर रविवारचं वाया गेलं असं होत नाही.

मी ऐकून घेतलं, पण तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं. एका मंगळवारी खरंच जमलं नाही. ती काही बोलली नाही, फक्त भिंतीकडे वळली आणि फोनवर अ‍ॅपमध्ये काहीतरी टाइप केलं. मला आजही वाटतं तिने त्या दिवसापुढे फुली मारली. (तिला विचारलं तर म्हणते, उबर ईट्स बघत होते.) त्यानंतर मी बूट्समधून व्हायग्रा कनेक्ट आणली, इकडे ती फार्मसिस्टशी दोन मिनिटं बोलून मिळते, आणि पासपोर्टच्या ड्रॉवरमध्ये लपवली. गोळीने काम भागलं. पण हात लावताना मी तिला लावत नव्हतो, परीक्षेला बसल्यासारखा घड्याळ लावून होतो, आणि तिला ते कळत होतं. त्याच सुमारास तिने कपडे बाथरूममध्ये जाऊन, कडी लावून बदलायला सुरुवात केली.

तिचं निराळं चाललं होतं. ती म्हणायची, हे पोट माझं नाहीच, स्कॅनवाल्यांचं आहे. बीज सुटावं म्हणून लेट्रोझोल सुरू झालं. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस रोज एक गोळी, मग बाराव्या दिवसाच्या आसपास आतून स्कॅन, फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, किती वाढलीय बघायला. ज्या दिवशी ती कांडी आत गेली त्या रात्री तिला माझा हातही नको असायचा, आणि गंमत म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर नेमक्या त्याच दोन-तीन रात्री लिहिलेल्या असायच्या. पहिल्या वेळी तिने गोळीचा कागद उलगडला आणि त्यात स्तनाच्या कॅन्सरचं नाव वाचून रडायला लागली. कऱ्हाडच्या चुलतभावाचं मेडिकल आहे, त्याला फोन केला तर तो म्हणाला, "ती तर इकडे बॅन आहे, घेऊ नका." अर्धं बरोबर. भारतात 2011 मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती, 2017 मध्ये उठली, आणि पीसीओएससाठी आज तीच पहिली गोळी मानतात. पण ते दोन दिवस तिने गोळी तोंडात घातली नाही ते नाहीच, आणि ती सायकल गेली.

मंडळातला एक मित्र दर भेटीला सांगतो, "आम्ही टेन्शन सोडलं आणि लगेच राहिलं, तुम्ही पण एकदा ग्रीसला जाऊन या." आम्ही गेलो. छान होतं. पण बीजच सुटत नसेल तर ग्रीसमध्ये ते कशाला सुटेल?

आता वजनाचं. आत्या, तुझं ते वाक्य इकडची सिस्टीम जास्त गोड आवाजात बोलते. आयव्हीएफ फुकट हवं तर आमच्या भागात बाईचा बीएमआय 30 च्या आत लागतो, आणि मिळते एकच सायकल. बायको 162 सेंटिमीटर, वजन 82. म्हणजे 31 च्या वर. यादीत नाव लागायला 78 वर यायला हवं. नर्सने "लव्हली, शूज ऑफ प्लीज" म्हणून काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला आणि आम्हाला एक पत्रक दिलं. घरी आल्यावर हिने हॉलमधला आरसा काढून पायऱ्यांखालच्या कपाटात ठेवला. थालीपीठ बंद, भात बंद. मी समोर बसून टोस्ट खायचो तर तिला माझा राग यायचा, आणि न खाऊन बसलो तर जास्तच. तिला कमरेत धरायला गेलो की ती म्हणायची, "मोजतोयस का?" खरं सांगू? कधी कधी मी मोजत असायचो.

मी इकडचं कौतुक करतो, ते खोटं नाही. इकडे कोणी विचारत नाही. ऑफिसात कोणाची मॅटर्निटी लीव्ह लागली की कार्ड फिरतं, पाच पाउंड टाकायचे, कपकेक खायचा, विषय संपला. मागच्या मे महिन्यात गावी चुलतबहिणीच्या डोहाळजेवणाला ओटी भरायला एकेकीला हाक मारली आणि हिच्यापाशी येऊन ताट पुढच्या काकूंकडे गेलं, तसं इकडे होत नाही. पण तीन वर्षांत ऑफिसातल्या एकानेही "कसा आहेस" हे खरोखर उत्तर हवं म्हणून विचारलेलं नाही, हेही तितकंच खरं. गावी लोक नको तिथे हात घालतात. इकडे हातच कोणी लावत नाही. मला नक्की कुठलं हवंय ते मला सांगता येत नाही, आणि रात्री दोन वाजता मी ग्रुपवरचे जुने फोटो बघत बसतो ते कशाला, तेही.

आणि आता जे मी ग्रुपवर तीन वर्षं लिहिलं नाही ते.

हिच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर माझीही झाली. दोन ते सात दिवस काही करायचं नाही, मग घरी डबीत नमुना, आणि तासाभरात लॅबमध्ये, तोही अंगाच्या उबेत ठेवून. मी ती डबी शर्टाच्या आतल्या खिशात घालून सतरा नंबरच्या बसमध्ये बसलो, वरून जॅकेट. शेजारची म्हातारी हवेबद्दल बोलत होती आणि मी काखेपाशी हात दाबून "येस, व्हेरी माइल्ड" म्हणत होतो. रिपोर्ट आला. मिलिलिटरला नऊ मिलियन शुक्राणू, आणि शेजारी छापलेलं की खालची मर्यादा सोळा.

मी ते नापास असंच वाचलं. ताईंनी समजावलं की ती पासची रेघ नाही. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले त्या पुरुषांमधले शंभरातले पाच त्या सोळाच्या खालीच होते. मग विचारलं, दोन-तीन महिन्यांत ताप आला होता का? आला होता, फ्लू, 39 च्या वर. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच-एक महिने जातात, म्हणून तापाचा हिशोब नंतर दिसू शकतो, तीन महिन्यांनी परत कर म्हणाल्या. परत केली, एकोणीस आले. तापानेच झालं होतं का हे कोणी छातीठोक सांगत नाही. तेव्हापासून आंघोळीला मी आरशात बघत नाही. मिशा, छाती, जिमला जातो ते दंड, सगळं उगाच लावल्यासारखं वाटतं, हे मी बायकोलासुद्धा मागच्या महिन्यात सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आरसा तू पण काढला होतास." त्या रात्री आम्ही नुसते पाठीला पाठ लावून झोपलो, "आज" नव्हतं, कॅलेंडरवर काही नव्हतं, आणि बऱ्याच महिन्यांनी तिने दिवा लावलेलाच ठेवला.

आईने तेव्हा फोनवर विचारलं होतं, "तुझं सगळं नॉर्मल ना?" मी हो म्हणालो. एक शब्द. त्यातून आईने जे समजायचं ते समजलं, आत्याला सांगितलं, आणि ताट पुढच्या काकूंकडे गेलं. मी तिथे दारात उभा होतो, ढोकळ्याची डिश धरून, आणि बोललो नाही. आत्याचे ते भाऊजी आणि मी, आमच्यात फरक एवढाच की मी तपासून घेतलं होतं.

रविवारी दुपारी मी ग्रुपवर लिहिलं, "आत्या, तिचं वजन 78 झालंय, यादीत नाव लागलंय. पण पहिला कमी आलेला रिपोर्ट माझा होता." बायकोला दाखवलं. ती म्हणाली, वजनाचं काढ. काढलं आणि पाठवलं.

ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. बुधवारी आत्याचा फोन आला, आवाज अगदी खाली. "अरे ते काढून टाक, पोरं वाचतात." मग बराच वेळ काही नाही, मागे कुकरची शिट्टी. "भाऊजींना कोणी नेलंच नाही रे दवाखान्यात."

मी मेसेज काढला नाही. खरं म्हणजे रात्री बघितलं, तर सगळ्यांकडून काढायची वेळ उलटून गेली होती.